चोवीस नव्हे, एकोणतीस

"तात्यानु, तुमच्या मंडळान आमका फसवल्यान!"

बाबलीमामा ओसरी चढले ते असे तणतणतच. हातातलं सुगंधाचं लग्नाचं टिपण त्यांनी तात्यांच्या पुढ्यात आपटलं. हरिश्चंद्र तात्या हे निवृत्त फौजदार. मालवणात ज्ञातीचं वधूवर मंडळ चालवायचे. चोरांनंतर आता वरबापांशी गाठ, असं स्वतःच म्हणायचे.

मामांचा भाचा सत्यवान मुंबईला गोदीत कारकून. त्याच्यासाठी मामा काल सुगंधाला पाहून आले होते. मुलगी पसंतही पडली होती.

"हयसर लिवलाहा वय चोवीस. आणि चेडू सांगता, सातवीची फायनल झाली स्वातंत्र्य मिळाला त्या साली! आज एकसष्ट साल. म्हणजे धाव्या वर्षी सातवी?"

"तिनं आपणहून सांगितलं?"

"नाय. तिच्या भावान, गणपतान, सगळ्यांसमोर इचारल्यान. सुगंधा, फायनल कधी झालंस ता सांग पावण्यांक. तिना न बिचकता सांगल्यान."

तात्यांनी भुवया उचलल्या. लपवायचं ज्याला असतं, तो असले प्रश्न स्वतःहून विचारत नाही.

मामा जातात न जातात तोच सुगंधा आली. शाळा सोडल्याचा दाखला तिनं पदराआड धरला होता.

"तात्यानु, माजा वय एकोणतीस. ता टिपण मी कधी बघूकच नाय."

तात्यांना खरं वाटलं. टिपण भरायचं ते पालकानं, मुलीला कोण विचारतो? त्यांनी दाखल्याशी जन्मतारीख ताडून पाहिली. चोवीसवर एकच आडवी रेघ मारली. खोडायचं नाही, जुना आकडा वाचता आला पाहिजे, हा त्यांचा नियम. वर एकोणतीस लिहिलं, बाजूला तारीख घातली, तिची सही घेतली, आपली केली.

"टिपण गेलंय त्या प्रत्येक घरी आजच कार्ड टाकतो. बघून गेलेल्यांना मात्र कार्ड नाही, तोंडावर सांगायचं. तुझ्यासमोर."

"वय ऐकान ते रवतीत?"

"चूक कोणाची ते कळलं, तर राहतील."

तिनं दाखला पुन्हा पदराआड घेतला. याआधीची दोन स्थळं बघून गेली आणि मुकी झाली होती. हे तिसरं. चौथं येईल असं तिला वाटत नव्हतं, आणि तात्यांनाही नाही.

मग तात्यांनी गणपतला गाठलं.

"वय कोणी सांगितलं?"

"आवशीन. ती गेली. तिना सांगल्यान तसा लिवलंय. माका काय म्हायत?"

"तुझी पाठची बहीण, आणि वय ठाऊक नाही?"

"बायलांचा वय कोण मोजता, तात्यानु?"

गणपतची बायको वर्षभर अंथरुणाला खिळलेली. चार पोरं. पाणी, चूल, उष्टी-खरकटी सगळं सुगंधाच्या अंगावर. हे तात्यांनी पाहिलं आणि त्यांचं डोकं तापलं. पण तापलेल्या डोक्यानं तपास होत नाही. ते सरळ देवळात गेले. टिपण भरण्याआधी गणपतनं कौल लावला असणार, त्याशिवाय इथं कुणी सोयरिकीला हात घालत नाही. गुरवाला त्यांनी एकच गोष्ट विचारली.

दुसऱ्या सकाळी ओसरीवर मामा, गणपत आणि सुगंधा समोरासमोर बसले.

"मामा, वय चुकीचं होतं. एकोणतीस खरं. दुरुस्ती केलीय, दाखला हा. खोटं मुलीनं लिहिलं नाही, आईनंही सांगितलं नाही. गणपतनं लिहिलं."

"माका म्हायतच नव्हता!"

"टिपण भरायच्या आदल्या दिवशी तू देवळात गाऱ्हाणं घातलंस. गुरव देवासमोर काय म्हणाला? 'एकोणतीस वर्षांची भैण.' आकडा तूच त्याला दिलास. माणसांना फसवलंस, देवापुढे मात्र खोटं बोलायची तुझी छाती झाली नाही."

गणपतची मान खाली गेली.

"आणि वय कमी लिहिलंस ते लग्न जमावं म्हणून नव्हे. जमवायचं असतं तर फायनलचा प्रश्न काढला नसतास. स्थळ आणल्याचं नाव तुझं, खोटेपणाचा डाग तिच्यावर, आणि घरात फुकटची मोलकरीण. आधीची दोनही अशीच मोडलीस ना?"

गणपतनं मान वर केली. चेहऱ्यावर लाज नव्हती.

"होय, मोडलंय. घरचा माणूस घरात रवांदे, म्हणान मागितलंय. देवान उजवो कौल दिल्यान, होकार दिल्यान! माज्या पोरांका कोण बघतला?"

सुगंधानं भावाकडे पाहिलं. रडली नाही. मामांकडे वळून एवढंच म्हणाली, "मामानु, मी खोटा बोलूक नाय."

"कळला गो. वय चलला असता," मामा उठत म्हणाले. "पण असल्या भावाशी सोयरीक? उद्या आमच्या घरात काय करीत? नको."

तात्यांनी त्यांना थांबवायला तोंड उघडलं. मामा पायरी उतरून गेलेही होते. निर्दोष ठरवण्याच्या नादात त्यांनीच तिचा दरवाजा लावला होता.

गणपतनं छत्री उचलली.

"चल. पोरां उपाशी आसत."

तात्यांना चोर सापडला होता. सुगंधा दाखला पदराआड धरून त्या चोराच्या मागोमाग घरी गेली.