नुसत्या चित्राचं उत्तर

सकाळी सकाळी ज्याचं नुसतं चित्र येतं, सोबत एक अक्षर नसतं, त्याच्यावर विश्वास ठेवावा का हो? बसा, सांगतो. वीज गेलीय, हा कंदील इकडे घेतो.

माझं दुकान खिळे, बिजागऱ्या आणि रंगाचं. शाळा अर्धवट सुटली, बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. धंद्यातल्या ओळखी म्हणजे फोनवर रोज चित्रांचा पाऊस. गुलाब, वाफाळता कप, पंख हलवणारं पाखरू. नुसता वैताग. खरी ऑर्डर त्या गुलाबांखाली कुठे दबते, पत्ता लागत नाही. हिचं म्हणणं, "तुम्हाला नमस्काराचाही त्रास होतो."

त्रास होतो, पण उत्तराची रीत मी मोडत नाही. ग्रुपवर आलेलं सोडून द्यायचं. सगळेच हात जोडत बसले तर फोन दिवसभर किणकिणतो. एकट्या आपल्याला आलं, तर त्या चित्रावर बोट दाबून धरायचं आणि जोडलेल्या हातांची खूण लावायची. वडीलधाऱ्यांना अंगठा दाखवायचा नाही, तुसडेपणा वाटतो. त्यांचं चित्र त्यांनाच परत पाठवायचं नाही. आणि शब्द लिहायचे नाहीत. 'कसे आहात' लिहिलंत की गुडघेदुखीपर्यंत सगळं ऐकावं लागतं. नुसतं चित्र विचारतं एवढंच, मी आहे, तू आहेस ना? आपण सांगायचं, आहे. संपलं.

आमचे सुतारकाका रोज एका खिडकीचा फोटो पाठवायचे. स्वतः घडवलेली खिडकी, तिच्यातून आलेलं ऊन. घशाच्या आजारात त्यांचा आवाज गेला होता, आणि लिहायला ती जाड बोटं कधी सरावली नाहीत. मी हात जोडायचो. आमचा वायरमनही जोडायचा, कुरकुरत.

काका गेले. त्यानंतर काही दिवसांनी सकाळी खिडकी आली.

मी त्यांच्या मुलाला फोन लावला. "अरे, बाबांचा फोन कोण वापरतंय?"

"कुणीच नाही, शेठ. सिमकार्ड मी स्वतः बंद केलं."

दुकानात लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास येत होता... सरस मी कधीच विकत नाही. मी गुपचूप हात जोडले. फोटोत या वेळी ऊन नव्हतं.

खिडकी वायरमनलाही आली होती. तो मात्र दुकानात येऊन तडकला. "कुणीतरी चेष्टा करतंय. आज विचारतोच त्याला."

"लिहू नकोस काही. हात जोड आणि सोड."

"तुम्ही घाबरा, शेठ. मला कामं आहेत." माझ्यासमोर त्याने टाइप केलं: कोण आहेस? बोल ना.

निरोप वाचल्याच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. तो हसला, वायरचं बंडल उचललं आणि दारातून वळून काहीतरी म्हणाला. म्हणजे ओठ हलले. पुन्हा हलले. गळ्याला हात लावून तो माझ्याकडे बघत राहिला, आणि दुकानात नुसता पंख्याचा आवाज...

डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. पण आवाज गेला तो गेलाच, आणि हातातून अक्षरही उमटेना. पेन कागदावर टेकलं की बोटं थांबतात. गिऱ्हाइकाला भाव सांगता येत नाही, त्याची बायको सोबत फिरते. रोज सकाळी त्याचं पाखरू येतं मला. मी हात जोडतो.

माझं कसं व्हायचं सांगा. माझा सगळा माल एकीकडे आणि ही जीभ एकीकडे. बोलणं थांबलं तर दुकानाला कुलूप. म्हणून मी कितीही वैतागलो तरी खिडकीला रोज फक्त हात जोडत आलो. काही बिघडलं नाही.

परवापर्यंत. परवा खिडकी आली नाही. मला हायसं वाटलं. मग आमची सूनबाई म्हणाली, "मामंजी, तुम्ही कधीपासून फोटो पाठवायला लागलात?" मी फोन उघडला. खिडकी होती. पण उजव्या बाजूला, मी पाठवलेल्या निरोपांच्या रांगेत. सूनबाईला, रंगाच्या घाऊक व्यापाऱ्याला, एकेका ओळखीच्या माणसाला गेलेली. माझा फोन तेव्हा कपाटात होता. सूनबाईने नशिबानं हात जोडले होते.

त्या रांगेत तुमचंही नाव आहे. म्हणून तर बोलावलं.

घाऊक व्यापारी कालपासून फोन उचलतो आणि नुसता श्वास ऐकू येतो...

आणि तुम्ही? मी केव्हाचा बडबडतोय, तुम्ही आल्यापासून नुसती मान हलवताय. चहा विचारला, मान हलवलीत. मला वाटलं, ऐकताय.

बरं, घाबरू नका. माझ्याशी हिशोब प्रामाणिक ठेवा, एवढीच विनंती. त्या खिडकीला तुम्ही हात जोडलेत... की शब्द लिहिलेत? शब्द लिहिले असतील, तर फक्त डोळे मिटा.