क्लॅरिनेटवाल्याकडे प्रतिनिधी

निद्राविज्ञान संस्थेच्या तिसऱ्या प्रयोगशाळेतली आरामखुर्ची फार महागडी होती, आणि त्या सकाळी तिच्यात संस्थेचे संचालक डॉ. सुधन्वा रेगे अंग चोरून बसले होते. डोक्यावर संवेदकांची जाळीदार टोपी, मांडीवर वही, गळ्याभोवती मफलर. मफलरचा काही उपयोग नव्हता. तीन महिन्यांपूर्वी रेग्यांचा आवाज गेला होता. घशाच्या चार तज्ज्ञांनी आत दिवे घालून पाहिलं होतं आणि गळा उत्तम असल्याचं लेखी दिलं होतं. त्या उत्तम गळ्यातून फक्त कुजबुज येत होती, आणि तीही दिवसेंदिवस कमी.

"स्वप्न तुटलं कुठं?" डॉ. कमलिनी पाळंद्यांनी विचारलं. त्या संस्थेच्या मानसतज्ज्ञ, आणि कॉलेजपासूनच्या ओळखीमुळे रेग्यांना न घाबरणाऱ्या एकमेव कर्मचारी.

"जिन्याच्या पायथ्याशी," रेगे कुजबुजले. "लाल कोटातला बँडवाला उभा असतो. क्लॅरिनेट ओठांना लावतो, गाल फुगवतो, आणि मला जाग येते. आठवड्यातून तीनदा."

"ओळखीचा आहे?"

"बँडवाले माझ्या ओळखीचे कुठून असणार?"

"बरंच झालं. जिवंत, ओळखीची माणसं या प्रयोगात घ्यायची नसतात. डोळे मिटा. ते शेवटचं चित्र समोर धरा आणि काहीही करू नका."

"काहीही नाही म्हणजे?"

"तुम्हाला जमणार नाही ते."

समोरच्या टेबलावर यंत्रशास्त्रज्ञ इरफान मुजावरांनी बनवलेला स्वयंस्फूर्तिदर्शक होता. माणूस मनात एखादं चित्र मुद्दाम हलवतो तेव्हा त्याच्या आधी अर्धा सेकंद मेंदूत हेतूची एक लाट उठते. लाट उठली की निळा दिवा. चित्र हललं पण लाट नाही, म्हणजे ते आपलं आपण हललं. मग पिवळा दिवा.

दिवा निळा लागला.

"सर, हे तुम्ही केलंत," मुजावर म्हणाले.

"तो नुसताच उभा होता. मी जरा वाजवायला लावलं."

"त्याला तुमची मदत नकोय, रेगे," पाळंदे म्हणाल्या. "वाट बघा."

वाट बघणं ही गोष्ट रेग्यांनी बत्तीस वर्षं इतरांना करायला लावली होती. नऊ मिनिटं गेली. मग त्या बँडवाल्यानं क्लॅरिनेट खाली घेतलं, कोटाच्या बाहीनं त्याची तोंडाकडची पट्टी पुसली आणि पायरीवरचं पाणी पायानं सारलं. दिवा पिवळा. पायरीवर पाणी आहे हे रेग्यांना तोवर माहीतही नव्हतं.

"आता बोला त्याच्याशी," पाळंदे म्हणाल्या. "सिनेमा बघितल्यासारखं लांबून नको. तुम्ही स्वतः, राग, भीती, जे काय असेल त्याच्यासकट तिथं उभे राहा. काय हवंय विचारा. पटलं नाही तर भांडा. पण त्याचं उत्तर तुम्ही रचू नका. आणि जसंच्या तसं लिहा."

रेग्यांनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"आधी बसा तर," बँडवाला म्हणाला. पिवळा.

"ओल्या पायरीवर?" रेगे म्हणाले. ते खरंच वैतागले होते. पाळंद्यांनी मान डोलावली, वैताग चालतो. पण तेवढ्यात दहा वाजले, आणि दहाला खरेदी समितीची बैठक होती. रेग्यांनी टोपी काढली.

"अर्ध्यावर उठताय," पाळंदे म्हणाल्या. "निदान त्याला सांगून तरी उठा. आणि यातलं एक पथ्य ऐका. तिकडून रास्त मागणी आली तर जागेपणी तिचं काहीतरी करावं लागतं. नाहीतर ही नुसती करमणूक आहे."

"बघू," रेगे म्हणाले.

त्यांनी जे बघितलं ते असं. रोज चाळीस मिनिटं संचालकांना परवडणारी नव्हती. म्हणून त्यांच्या बत्तीस वर्षांच्या पत्रांवरून, इतिवृत्तांवरून आणि शेऱ्यांवरून मुजावरांनी एक संवादप्रतिनिधी तयार केला. रेगे कानामागे संवेदकांची चकती लावून फायली बघत बसायचे. चकती त्यांच्याच मेंदूतला बँडवाला जागा करायची, त्याचं बोलणं टिपायची, आणि रेग्यांच्या वतीनं प्रतिनिधी उत्तर द्यायचा. सव्वाअकराला टंकलिखित अहवाल टेबलावर.

"स्वतःच्या स्वप्नाला मुखत्यार नेमलात?" पाळंद्यांनी विचारलं.

"मी जे बोललो असतो तेच तो बोलतो. अठ्ठ्याण्णव टक्के."

"बँडवाला उरलेल्या दोन टक्क्यांसाठी आला असेल."

"कमलिनीबाई, तुम्हाला आकडेवारी कधीच आवडली नाही."

"आणखी एक आहे. आपण तिकडे जो चेहरा दाखवतो, तोच तिकडून आपल्याला दिसतो. माझा एवढाच अनुभव आहे, त्याला यंत्र नाही."

"मग त्याचा अहवाल कसा मागवणार?" रेगे म्हणाले, आणि स्वतःच हसले. हसण्याचा आवाज आला नाही.

अहवाल उत्तम येत होते. 'चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात झाली.' 'बँडवाल्याचे म्हणणे समजून घेण्यात आले.' सहाव्या महिन्यात ते स्वप्न पडायचं थांबलं, आणि रेग्यांनी मुजावरांना पेढे दिले. सातव्या महिन्यात कुजबुजही गेली. आता ते पाटीवर लिहून दाखवत. फोनवर मुलगी "बाबा, आहात ना?" असं विचारी, तेव्हा ते बोटानं फोनवर दोनदा टकटक करत.

एका सोमवारी ते आपणहून तिसऱ्या प्रयोगशाळेत आले. पाटीवर लिहिलं होतं: 'मी स्वतः बसतो. कितीही वेळ.'

पाळंद्यांनी टोपी पुढे केली. रेग्यांनी डोळे मिटले. जिना आला. वाट बघितली, ढकललं नाही. दिवा पिवळाच राहिला. लाल कोट दिसला. रेगे सरळ ओल्या पायरीवर बसले. पाणी गार होतं. 'बसलो,' ते मनात म्हणाले. 'आता सांगा.'

कोटातल्या माणसानं मान वर केली. चेहरा वेगळा होता. कोट त्याला ढगळ होत होता, आणि हात रिकामे होते.

"आधीचे क्लॅरिनेटवाले गेले," तो म्हणाला. "इथं मला उभं केलंय."

'कुणी?'

"तुमच्याकडून माणूस येत होता. म्हणून इकडूनही."

'त्यांना काय हवं होतं?'

"मला सांगितलेलं नाही. तुमच्याकडे नोंद असेल."

रेग्यांनी डोळे उघडले आणि हे सगळं जसंच्या तसं वहीत उतरवलं. मुजावरांनी ते वाचून न सांगताच जुने अहवाल काढले. त्यातला एक्केचाळिसावा कुणीच वाचला नव्हता. बँडवाल्यानं दोन्ही हातांनी क्लॅरिनेट पुढे केलं होतं. "हे तुमचंच आहे. इतके दिवस मी सांभाळलं. फुंकून बघा."

प्रतिनिधीनं उत्तर दिलं होतं: "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. यथावकाश विचार करू."

रेग्यांनी पाटीवर लिहिलं: 'यंत्राची चूक?'

प्रतिनिधीचं उत्तर रेग्यांशी किती जुळतं तो समासातला आकडा मुजावरांनी बघितला.

"नाही, सर. इथं शंभर टक्के आहे."

दुसऱ्या दिवशी रेगे पुन्हा आले. खुर्चीत बसले, जिना आला, ओली पायरी आली. ढगळ कोटातला माणूस होता तिथंच होता.

"आज कोण आलंय?" त्यानं विचारलं.

'मी. रेगे. मी स्वतः आलोय.'

"तुमच्याकडून येणारा माणूसही असंच म्हणायचा," तो म्हणाला.

रेग्यांनी डोळे उघडून दिव्याकडे बघितलं. पिवळा होता; ते उत्तर त्यांनी रचलेलं नव्हतं.