सातव्या घरातला नेपच्यून

मला जन्माची मिनिटं लागतात. लोक मात्र येऊन सांगतात, "संध्याकाळी झालो, दिवे लावायच्या सुमारास," आणि एवढ्यावर अचूक भविष्य मागतात. म्हणून महिन्यातून दोन-तीनदा प्रसूतिगृहाच्या रेकॉर्ड रूमची खिडकी गाठायची, अशिलाचं संमतीपत्र जोडायचं आणि जन्मनोंदवहीतली खरी वेळ उतरवून घ्यायची, हा माझा नेम. खिडकीतले म्हातारे कारकून मला ओळखत होते. अर्ज न वाचताच शिक्का मारायचे.

त्या दिवशी खिडकीत म्हातारे नव्हते. पेनाचं टोपण चावत एक तरुण बसला होता. त्याने माझा अर्ज वाचला. सगळा. मागची कोरी बाजूसुद्धा उलटून पाहिली.

"अर्जदाराशी नातं?"

"मी ज्योतिषी आहे."

"हो का..." टोपण तोंडातून बाहेर आलं. त्याने खणातून दोन कागद काढून खिडकीच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर माझाच शिक्का. "मग तुम्हीच का त्या? हा कागद माझ्या मावसबहिणीचा. हा लॅबमधल्या पोराचा. दोघं एकाच वर्गातली. वाचा बरं. 'मोठ्या संस्थांविषयी तुमच्या मनात धुकं आहे, वरिष्ठांवर विश्वास बसत नाही, कारण मकरेतला नेपच्यून.' कान्यामात्रेचाही फरक नाही. पत्रिका करता की शाळेचे गणवेश शिवता?"

माझ्या मागे रांगेत एक बाई खुदकन हसली. मी मात्र पकडले गेले होते. तो परिच्छेद मी खरोखरच उचलून चिकटवते. मला ही विद्या शिकवणारी माझी आत्या त्याला 'आळशी परिच्छेद' म्हणते.

"हे चुकीचं नाही," मी म्हटलं, "अर्धवट आहे. नेपच्यून एका राशीत साधारण चौदा वर्षं बसतो. प्लुटोचं तर विचारूच नका, बारापासून तीस वर्षांपर्यंत कितीही. तेव्हा तुमच्या-माझ्या वयाच्या सगळ्यांचा नेपच्यून मकरेत आणि प्लुटो वृश्चिकेत. तो पिढीचा हिशेब झाला."

"मग माणसाचा?"

"त्यासाठीच तर तुमच्या दारात येते. जन्माच्या क्षणी पूर्वेला जी रास उगवत असते ते पहिलं घर. पुढची घरं तिथून मोजायची. ती रास दोन तासांत बदलते, अंश तर चार मिनिटांत. ग्रह तेच, पण कोणाच्या चौथ्या घरात पडतात, कोणाच्या दहाव्या. पिढी कशाला भुलते ते राशीवरून कळतं. तुम्ही नेमके कुठे भुलता ते घरावरून."

तो हसला नाही. डोळे मात्र जरा बारीक झाले. मग त्याने मागची एक जाडजूड वही काढली, माझ्याकडे पाठ करून एका चिठ्ठीवर काहीतरी उतरवलं.

"एकाच तारखेच्या पाच वेळा. नावं नाहीत, फक्त क्रमांक आणि मुलगा की मुलगी. नेपच्यून-प्लुटो सगळ्यांचे सारखेच असणार ना? मग पाच वेगळी माणसं काढून दाखवा, ज्योतिषबाई."

त्या रात्री जेवायचं राहून गेलं, ते आत्याने दोनदा ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधीच मी हजर. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता, माझे कागद दुपट्ट्याखाली.

"पहिला, पहाटे तीन चाळीस," मी सुरू केलं. "मकर उगवत होती, म्हणून नेपच्यून थेट पहिल्या घरात. समोरच्याला जे पाहायचं असतं ते याच्यात दिसतं. शिक्षकांना हुशार वाटला असेल, आजीला गरीब गाय. स्वतः कोण ते याला उशिरा कळेल. दुसरी, सात पन्नास, मीन. नेपच्यून अकराव्यात, म्हणजे मैत्रिणींच्या बाबतीत डोळे झाकून. प्लुटो नवव्यात. लहानपणी शिकवलेली श्रद्धा एकदा मुळासकट उपटणार आणि स्वतःची नवी लावणार."

"तिसरा राहू द्या. चौथा सांगा."

का राहू द्या, ते मी विचारलं नाही, नुसतं मनात टिपून ठेवलं. "संध्याकाळी पाच पन्नास, सिंह. प्लुटो चौथ्यात. घरात एक विषय असेल जो कोणी काढत नाही. नेपच्यून सहाव्यात. कामाच्या वेळा ढिसाळ, दुखणं असं की डॉक्टरला सापडत नाही, आणि दुसऱ्याची सेवा करताना स्वतःला विसरायचं. पाचवी, रात्री पावणेदहा, तूळ. नेपच्यून चौथ्यात. माहेर होतं त्याहून गोड आठवणार. प्लुटो दुसऱ्यात. जे माझं ते माझंच, मुठीत घट्ट. बोलणंही धारदार."

"पाचवी माझ्या बहिणीची मैत्रीण आहे," तो हळूच म्हणाला. "मूठ... बरोबर आहे."

"आता तिसरा. सकाळी अकरा पन्नास, वृषभ. प्लुटो सातव्यात, म्हणजे जोडीदाराच्या घरात, आणि तोही कसा, उगवत्या अंशाच्या अगदी समोर. एका अंशाचाही फरक नाही. पिढीचा ग्रह असा नेमका समोर येऊन टेकला की पिढीचा राहत नाही. तो त्या माणसाच्या उंबऱ्यावर उभा असतो. त्यातून त्याच्या चंद्राशी केंद्रयोग, म्हणजे मनावर कायमचा ताण. हा माणूस जोडीदाराला आधी पारखणार. जवळ यावंसं वाटतं, पण आलेला माणूस आपल्यावर ताबा मिळवेल ही धास्ती. म्हणून काही विचारणार नाही, सापळा लावून बघत बसेल. उदाहरणार्थ, इतर चार क्रमांकांत स्वतःचा क्रमांक लपवेल."

पेनाचं टोपण फळीवरून घरंगळून माझ्या बाजूला पडलं. मी ते उचलून परत दिलं. त्याचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले... आणि मला ते फार आवडले, हीच गोष्ट धोक्याची होती.

त्यानंतर माझ्या अशिलांच्या वेळा फारच वारंवार शंकास्पद ठरू लागल्या. आत्या म्हणाली, "पूर्वी दहातल्या तिघांचे दाखले मागायचीस, आता बारातल्या तेरांचे मागतेस." खिडकीत चहाचे दोन कप दिसू लागले. आळशी परिच्छेद मी कायमचा काढून टाकला, आणि प्रत्येक नवा कागद त्याला आधी वाचून दाखवू लागले, नाव झाकून.

"आणि तुमचा नेपच्यून?" एकदा त्याने विचारलं.

"सातव्यात. कर्केचा दुसरा अंश उगवत होता."

"म्हणजे?"

"म्हणजे जोडीदार दिसत नाही, धुकं दिसतं आणि त्यालाच मी माणूस समजते. एकदा झालंय. तो बासरी वाजवायचा, मला संत वाटला. साखरपुड्याच्या आधी आठ दिवस कळलं, दुसरीकडेही संत होता." मी हसले, तो हसला नाही. "तेव्हापासून नियम. मला कोणी आवडलं की समजायचं, डोळ्यांत काहीतरी गेलंय."

"सोयीचा नियम आहे."

"सोयीचा?"

"कोणालाच हो म्हणायला नको."

मी चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी गेले, तर रेकॉर्ड रूममध्ये खोकी बांधून ठेवलेली. जुन्या वह्या दुसऱ्या शहरातल्या मुख्य भांडारात चालल्या होत्या.

"वह्यांबरोबर मीही," तो म्हणाला. "किंवा इथेच, वरच्या मजल्यावर नोंदणीला. पाचपर्यंत कळवायचंय."

साडेतीन झाले होते.

"तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा ना. तुम्हाला सगळं दिसतं." पुन्हा सापळा. पण आवाज नेहमीचा नव्हता.

तो मला खरंच जसा आहे तसा दिसत होता, की हे पुन्हा धुकंच? तेवढ्यात त्याने माझ्यापुढे कोरा अर्ज सरकवला.

"दुसऱ्यांचे साठ अर्ज भरलेत. मी मोजलेत. स्वतःचा कधी?"

"जन्म इथलाच, पण माझी वेळ ठाऊक आहे. बाबांनी घड्याळात बघितली होती. पाच पंचवीस."

"बाबा आत होते?"

"नाही, बाहेर, जिन्यात..."

इतर कोणाचा उगवता अंश असा राशीच्या काठावर असता, तर मी दाखल्याशिवाय पत्रिकेला हात लावला नसता. हजार वेळा सांगितलंय मी लोकांना, नर्स बाहेर येऊन सांगते ती बातमीची वेळ, जन्माची नव्हे. मी अर्ज भरला. अक्षर माझंच वाटत नव्हतं. त्याने एक बांधलेलं खोकं सोडलं, वही काढली, बोट ओळींवरून खाली आणलं आणि थांबवलं.

"मुलगी. चार अठ्ठावन्न."

सत्तावीस मिनिटं. चारने भागा, जवळजवळ सात अंश मागे. कर्क नाही... मिथुन. पंचविसावा अंश. मी बोटांवर घरं मोजली. दोनदा मोजली.

"नेपच्यून आठव्यात गेला," मी म्हणाले. "प्लुटो सहाव्यात. म्हणजे धुकं माणूस निवडताना नाही, विश्वास टाकताना, सगळं वाटून घेताना. आणि कामात मी खोदत बसते, चूक सापडेपर्यंत, ती मी आहेच."

"आणि सातव्यात?"

"कोणी नाही. धनू रास, स्वामी गुरू. बस." मला एकदम हसू फुटलं. "इतकी वर्षं मी त्या बिचाऱ्या नेपच्यूनवर ढकलत होते. बासरीवाला खोटारडा होता. एवढंच. आणि विश्वास टाकायला मी भिते. तेही एवढंच."

"मग पत्रिका आता काय म्हणते?"

"माझ्याबद्दल बरंच. तुमच्याबद्दल काही नाही. ते मलाच बघायला लागेल." मी पेन फळीवर ठेवलं. "मला दिसतंय ते सांगते. तुम्ही मागची कोरी बाजूसुद्धा वाचता. चिडवता, पण रांगेतल्या म्हातारीचा अर्ज स्वतः भरून देता. बोलायचं असलं की सापळा लावता. मला तुम्ही आवडता, सापळ्यासकट. राहा."

त्याने आतल्या टेलिफोनचा रिसीव्हर उचलला.

"साहेब, भांडारात जाणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढा. ...हो, विचार करूनच. ...नाही, कोणी काही म्हटलं नाही." माझ्याकडे पाहून, "म्हटलंय. म्हणूनच."

रिसीव्हर खाली ठेवला, पण हात त्यावरच राहिला.

"मी तर तुम्ही पहिल्यांदा भांडलात तेव्हाच ठरवलं होतं," तो म्हणाला. "पण मी आधी बोलायचं म्हणजे... तुम्हाला माहितीये. उंबऱ्यावर उभा असतो तो."

"असू दे उभा. त्यालाही चहा देऊ."

पाच वाजता त्याने खिडकी ओढून घेतली आणि बाजूचं दार उघडून बाहेर आला. तोवर मी त्याला कमरेच्या वरच पाहिलं होतं, उंच स्टुलावर बसलेला. तो माझ्या समजुतीपेक्षा चांगला चार बोटं बुटका निघाला, आणि एका पायातला मोजा निळा, दुसऱ्यातला काळा.

मी नीट, वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. सगळं स्वच्छ दिसत होतं.

"काय बघता?" तो संकोचला.

"काही नाही," मी म्हटलं, आणि त्याचा हात धरला. "चल."