दोषांश बासष्ट

केदार बोरस्तेच्या यकृताची वाट लागायला तो स्वतः किती जबाबदार, हे आता कुणाला अंदाजाने सांगावं लागत नव्हतं. आकडा छापून येत होता. बासष्ट टक्के.

या चाचणीचं नाव दोषांश. ती शोधली डॉ. इरफान मुजावरांनी. यकृताने जे सोसलं त्याच्या रासायनिक खुणा पेशींतल्या जनुकांवर राहतात. दारूच्या वेगळ्या, विषाणूच्या वेगळ्या, अनुवंशाच्या वेगळ्या. सुईने कणभर तुकडा काढायचा, खुणा मोजायच्या आणि आजार कशामुळे किती झाला याची वाटणी करायची. मुजावरांना ती फक्त उपचारासाठी हवी होती. पण 'करावे तसे भरावे' याला पुरावा मिळाल्यावर सरकार थोडंच गप्प बसणार? कायदा झाला.

पूर्वी अवयवाचा क्रम ठरायचा तो तीव्रतांकाने. बिलिरुबिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, क्रिएटिनिन आणि सोडियम यांवरून काढलेला हा आकडा, रोगी तीन महिन्यांत दगावण्याचा धोका किती, ते सांगतो. सहा म्हणजे बरा, चाळीस म्हणजे मरणाच्या दारात उभा. नव्या कायद्याने त्यातून दोषांशाचा दहावा भाग वजा होऊ लागला.

धुळ्यात एका मेंदूमृत बाईच्या घरच्यांनी दुपारी होकार दिला. रक्तगट बी. नाशिकच्या रुग्णालयात त्या गटाचे दोन रोगी तयार ठेवले होते. केदारचा तीव्रतांक पस्तीस, सहा वजा जाऊन एकोणतीस. दुसरी सव्वीस वर्षांची मुलगी. तिच्या शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच यकृतावर उलटली होती. तिचा तीव्रतांक एकतीस, दोषांश शून्य. बर्फात यकृत फार तर दहा-बारा तास टिकतं, म्हणून नाव पाचच्या आत ठरायला हवं होतं.

केदारची बायको स्नेहल कागद घेऊनच नाव ठरवणाऱ्या समितीसमोर आली; अध्यक्ष मुजावरच होते. शेजारी चाकाच्या खुर्चीत केदार, डोळे हळदीसारखे पिवळे.

"डॉक्टर, कायद्यात सक्तीचं कलम आहे," ती म्हणाली. "दारू कामाचा भाग असेल तर दोषांश निम्मा धरतात. हे वीस वर्षं दिंडोरीच्या वाइनरीत चव घ्यायला होते. रोज चाळीस-चाळीस नमुने. हे मालकांचं पत्र."

मुजावरांनी मनात हिशोब केला. दोषांश एकतीस, वजा तीन. केदार बत्तीसवर जात होता, मुलीच्या एक पाऊल पुढे. काहीही वजा न करता नुसता तीव्रतांक पाहिला तर हा माणूस आधी मरणार होता, हेही त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"पत्र पुरेसं नाही," ते म्हणाले. "केदारराव, तुमचा जबाब लागतो. चव घेतल्यावर वाइन थुंकायची असते ना?"

"हो. बादली असते शेजारी."

"मग पोटात किती जायची?"

स्नेहलने त्याचा खांदा दाबला. "अहो, सांगा ना. गिळल्याशिवाय चव कळत नाही म्हणून."

केदारने तिचा हात खांद्यावरून हलकेच खाली घेतला.

"नाही डॉक्टर. गिळली की जीभ बोथट होते, पुढचे नमुने कळत नाहीत. तिथे मी थेंबन् थेंब थुंकायचो. प्यायचो ते घरी येऊन."

"अहो, मरायचंय का तुम्हाला?"

"नाही गं. पण मी प्यायचो ते खोटं बोलूनच. अकरा महिने झाले दोन्ही सोडून. एक सुरू केलं की दुसरंही येईल. मग ते नवं यकृत तरी कशाला?"

समितीतल्या एका सदस्याने जबाब टिपून घेतला. रक्तातही अकरा महिन्यांत दारूचा अंश सापडला नव्हता, पण त्या सुधारणेला कायद्यात रकाना नव्हता. पाचला दहा मिनिटं असताना मुलीचं नाव पक्कं झालं.

दारात स्नेहल थांबली. "ते खोटं बोलले असते तर चाललं असतं?"

"हो," मुजावर म्हणाले. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

मुलगी तिसऱ्या आठवड्यात घरी गेली. त्याआधी दोनच दिवस केदार वारला. त्याच्या जबाबाची बातमी जिल्हाभर झाली. लोकांनी त्याला साधा माणूस म्हटलं, आणि मनाशी धडा घेतला.

महिन्याभराने मुजावरांच्या तपासणीच्या खोलीत तिशीतला एक शिक्षक आला, सोबत बायको. बरगडीखाली यकृत बोटांना टणक लागत होतं. अजून वेळ होता. आज दारू सुटली तर ते पुष्कळसं भरून आलं असतं.

"घेता का कधी?"

शिक्षकाने बायकोकडे पाहिलं. "कधीच नाही, सर."

"एक छोटी तपासणी करू. सुईने तुकडा काढायचा. लवकर कळलं तर वाचता येतं."

"त्याची नोंद राहते ना?" बायकोने विचारलं.

"राहते."

"मग नको," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावू लागली.