दुसऱ्याच्या बाटलीतला घोट

फोन मैदानावरून आला तेव्हा मागे चाललेला आरडाओरडा फौजदारबाईंना आधी खेळाचाच वाटला. मग लक्षात आलं, यात ताल नाही. नुसता संताप आहे.

त्या पोचल्या तोवर सामना मोडला होता. गवतावर कडवट काढा सांडला होता आणि तिथलं गवत पिवळं पडत चाललं होतं. शेजारी हिरवी प्लास्टिकची बाटली आडवी पडलेली. हवालदाराने रुमालाने ती उचलली आणि चटकन खाली ठेवली.

"बाई, कोमट लागतेय."

नदीकाठच्या कॉलेजातली पोरगी, सगळे तिला शिट्टी म्हणत, एक घोट घेऊन कोसळली होती. तोंड, जीभ, घसा, सगळं भाजलं होतं. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, जीव वाचेल. आवाजाचं विचारलं तेव्हा त्या हातमोजे काढत राहिल्या.

आणि ज्याच्या हाताने ती बाटली तिला मिळाली तो टेकडीवरच्या कॉलेजचा पोरगा, भोंगा, चौकीतल्या बाकावर बसला होता. ओठ फुटलेला, सदरा फाटलेला. नदीवाल्या पोरांनी त्याला जीपपर्यंत जिवंत येऊ दिलं, हेच नवल. आता ती पोरं फाटकाबाहेर उभी होती. त्यांच्या हातात आता झेंडे नव्हते, काठ्या होत्या.

"तुझ्या कॉलेजच्या प्राचार्यांनी तुझं नाव आत्ताच कापलंय," बाई म्हणाल्या. "सकाळपर्यंत तू कोठडीत जाशील. म्हणून विचारतेय ते नीट सांग. ही बाटलीची भानगड काय आहे?"

भोंग्याने सांगितलं. सांगताना तो दारापलीकडच्या आवाजाकडे कान लावून होता.

दोन्ही कॉलेजांचं हे वैर जुनं, आणि लाडकं. सामन्याआधीचा पंधरवडा खोड्यांचा. टेकडीवाले रात्रीतून नदीवाल्यांच्या फाटकावरच्या दगडी कासवाला स्वेटर घालणार, नदीवाले टेकडीची घंटा गोधडीत गुंडाळणार. पण त्यालाही कायदा होता. जे लावायचं ते पाण्याने निघालं पाहिजे. जे पळवायचं ते सामन्याआधी परत आलं पाहिजे. कुणाचं घर, गरिबी, व्यंग यांवर बोलायचं नाही. आणि एखाद्या माणसावर गाणं रचलं, तर आधी ते त्यालाच ऐकवायचं. तो हसला तरच ते मैदानात म्हणायचं.

बाटलीचा कायदा सगळ्यात कडक. दोन्ही बाजूंचे म्होरके, म्हणजे गाणी सांगणारे, आपापल्या रंगाच्या बाटलीत जमेल तितका घाणेरडा, कडू, खारट काढा करतात. सकाळी समोरच्या कॉलेजच्या साक्षीदारापुढे करणाऱ्याने स्वतः घोट घ्यायचा. मग बाटली आपल्याच खोलीत ठेवायची. सामन्याच्या तोंडावर दोघांनी मैदानाच्या मधोमध येऊन बाटल्या बदलायच्या. शिट्टीने भोंग्याची हिरवी प्यायची, भोंग्याने तिची निळी. जो तोंड वाकडं करेल तो हरला.

"सकाळी तू प्यायलास?"

"प्यायलो. त्यांचा गोलकीपर समोर होता, त्याला विचारा. बर्फ घातला होता मी, गार असला की कडू जास्त वेळ जिभेवर राहतो."

"मग बाटली कुठे होती?"

"आमच्या कपडे बदलायच्या खोलीत, टेबलावर. खोली उघडीच असते. मॅडम, कुलूप कशाला लावू? सगळ्या दुनियेला माहीत आहे ती कोण पिणार."

फौजदारबाईंनी गोलकीपरला बोलावलं. तो रागात होता, तरी खोटं बोलला नाही. हो, भोंगा त्याच्यापुढे प्यायला होता. हो, बाटलीला हात लावला तर बोटं बधिर होत होती.

"तुझा संशय कुणावर?"

"त्याच्यावरच. मागाहून घातलं असेल."

"का? दोघांचं भांडण होतं?"

गोलकीपर म्हणाला, भांडण कसलं, दोघं एकमेकांची गाणी दुरुस्त करून द्यायचे. यंदा भोंग्याची पोरं म्हणत होती,

'शिट्टीबाई, शिट्टीबाई, लग्न कधी करशील?
नवरा पळेल शेजारगावी, इतकी तू ओरडशील!'

आणि शिट्टीने उलट सुनावलं होतं,

'भोंग्या, तुझ्या गळ्यापायी म्हैस आटली बाई,
साऱ्या गावचा चहा काळा, दूध मिळत नाही!'

दारातला हवालदार हसला आणि लगेच ओशाळला.

"ती चिडली होती या गाण्यावर?"

"चिडली? ती टाळ्या वाजवायची. चिडला होता तिचा दादा."

दादा रुग्णालयात होता. टेम्पोने साबण, फिनेल, झाडू असला साफसफाईचा माल पोचवायचा. आईवडील गेल्यावर बहिणीला त्यानेच वाढवलं. शाळेत तिची वेणी घालायला कुणी नव्हतं, तर शेजारणीकडून शिकून तो घालायचा. आपण कॉलेजची पायरी चढलो नाही, ही चढली, हे तो टेम्पोत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. बाई आल्या तसा तो बाकावरून उठला. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"त्याला अटक केलीत ना?"

"बसवलाय."

"बसवलाय म्हणजे? पाहुणा आहे का तो?" मग त्याचा आवाज एकदम खाली गेला. "पण ती का प्यायली, बाई? बाटली त्याची होती. हिरवी, त्याच्या नावाची. ती का प्यायली?"

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुःखात माणूस असंच काहीबाही विचारतो. त्यांनी त्याला सामना पाहायला आला होतास का म्हणून विचारलं. तो म्हणाला, पहिल्यांदाच आलो, एरवी कामातून फुरसत नसते. तारेच्या कुंपणापाशी उभा होतो.

जीपमध्ये बसल्या आणि त्यांचा हात किल्लीवरच थांबला. मग त्यांनी जीप टेकडीवर घेतली.

टेकडीचा कप्तान कपडे बदलायच्या खोलीत एकटाच बसला होता. बाहेर त्याचीही पोरं काठ्या गोळा करत होती. "ते आले तर आम्ही काय गाणी म्हणायची?" तो तुटकपणे म्हणाला. बाईंनी दुपारी खोलीत कोण कोण आलं ते विचारलं. परकं कुणी नाही, तो म्हणाला. नदीवाला एकही फिरकला नाही, फिरकला असता तर दिसला असता. साबणाचा टेम्पो तेवढा आला होता, सामन्याच्या थोडं आधी. खोकी आत ठेवून गेला.

"आणि बाटल्या बदलल्या तेव्हा काही वेगळं दिसलं?"

"काही नाही. गाण्याचा दणका चालू होता. पलीकडे एक माणूस कुंपणावर चढून हातवारे करत होता. थांब, थांब म्हणत असावा, ऐकू कुठलं येतंय? आम्हाला वाटलं रंगात आलाय. हसलो आम्ही."

"तिने घोट घेतल्यावर?"

"नाही. आधी. बाटली नुसती तिच्या हातात आली होती."

चौकीवर परतल्या तेव्हा फाटकाचं एक बिजागर निखळलं होतं. दादाही येऊन ठेपला होता, आणि गर्दीच्या पुढे तोच होता. पोरं त्याला वाट करून देत होती, त्याच्या नावाने घोषणा देत होती. बाईंनी त्याला आत घेतलं. भोंगा बाकावरून उठला तसा दादा त्याच्या अंगावर धावला. हवालदाराने मधे पडून अडवलं.

"बसा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हवालदार दोन पावलं मागे सरला. इतका राग त्याने त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "बाटलीत सकाळी बर्फ होता. माझ्या हवालदाराच्या हाताला ती कोमट लागली. मोरी साफ करायची पावडर पाण्यात पडली की पाणी तापतं. म्हणजे ती सकाळी नाही, सामन्याच्या थोडीच आधी पडली. तेव्हा खोलीत साबणाची खोकी आली होती."

"मी दोन्ही कॉलेजांत माल टाकतो. तो काय गुन्हा झाला?"

"नाही. पण मला एक कोडं पडलं होतं. शिट्टीला इजा करायची तर हिरव्या बाटलीत विष घालावं लागेल, हे दोन्ही कॉलेजांतलं शेंबडं पोरही सांगेल. मग तिच्या वाईटावर कोण? कुणीच सापडेना. म्हणून मी कोडं उलटं धरलं. ज्याला अदलाबदल माहीतच नाही, त्याला काय वाटेल? हिरवी बाटली टेकडीवाल्याची. टेकडीवालाच पिणार."

दादाच्या तोंडावरचा रंग उतरला.

"तुम्ही मला विचारलंत, ती त्याची बाटली का प्यायली. फाटकाबाहेर एवढे लोक आहेत, त्यातल्या एकालाही हा प्रश्न पडलेला नाही. तुम्हालाच पडला. आणि बाटली तिच्या हातात गेली तेव्हा सारं मैदान गात होतं. एकच माणूस कुंपणावर चढून थांब म्हणत होता. काढ्यात काय आहे हे तिने चाखायच्या आधी कुणाला माहीत होतं, दादा?"

हवालदाराने दादाच्या टेम्पोतून आणलेलं मोरीच्या पावडरीचं पाकीट टेबलावर ठेवलं. कोपरा कापलेला होता.

दादाने ते पाकीट हाताने दूर सारलं.

"त्यांनी माझ्या टेम्पोवर लिहिलं होतं," तो म्हणाला. "खडूने. ते लग्नाचं गाणं. मला पत्ता नाही. मी गावभर माल टाकत हिंडलो, माणसं हसत होती. माझ्या बहिणीच्या लग्नावर बाजार हसतो आणि मी सलाम करत हिंडतो. घरी येऊन तिला सांगितलं तर तीही हसली. म्हणाली, दादा, खेळ आहे. कसला खेळ? त्याची जीभ भाजावी, एवढंच मला पाहिजे होतं. पुन्हा बोलायला नको."

"ते गाणं तिला ऐकवलं होतं," भोंगा म्हणाला. फुटक्या ओठातून शब्द नीट येत नव्हते. "माझी दुसरी ओळ फुसकी होती. नवरा पळेल शेजारगावी, हे तिचं आहे. टेम्पोवरही तिनेच लिहायला सांगितलं. म्हणाली, दादा लई गंभीर असतो, त्याला हसवा."

दादाने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता, ओरडण्याचाही नव्हता.

बाहेर दगड येऊन खिडकीची काच फुटली. टेकडीची पोरंही उतरून आली होती. आता रस्त्यावर दोन्ही बाजू समोरासमोर होत्या, आणि जे शब्द चालले होते त्यांत आया होत्या, बहिणी होत्या, रक्त होतं.

"बेड्या घाला आणि मागच्या दाराने न्या, बाई," हवालदार कुजबुजला. "नाहीतर याला फाडतील."

बाई काही बोलायच्या आत दादा उठला. "पुढच्या दाराने," तो म्हणाला. "त्यांना मीच पेटवलंय."

त्याला बेड्या घालून फौजदारबाई त्याच्या शेजारून चालत गेल्या. पायरीवर तो उभा राहिला तशी नदीची पोरं गरजली, दादा, हुकूम द्या. त्याने दोन्ही हात वर केले.

"भोंग्याने काही केलेलं नाही. माझ्या बहिणीला मी जाळलंय. मी. या हाताने."

कुणाला वाटलं त्याचं डोकं फिरलंय. मग पुढच्या रांगेतल्या गोलकीपरने त्याच्या हातातल्या बेड्या पाहिल्या. त्याची काठी खाली आली. ती त्याने टाकली नाही, नुसती टेकली, म्हाताऱ्याने टेकावी तशी. समोर टेकडीचा कप्तानही थांबला होता. ज्यांना एकमेकांवर म्हणायला पंधरा दिवस शब्द पुरत नव्हते, त्यांच्यापैकी कुणालाच आता काही सुचत नव्हतं.

भोंगा बाहेर आला. दोन्ही बाजूंच्या मधून, कुणाला न शिवता, तो रस्त्यावर उतरला आणि गोलकीपरपाशी थांबला.

"रुग्णालयात आत सोडतात का रे आता?"

"घरच्यांनाच सोडतात."

"तिच्या घरचं कोण उरलंय आता?"

गोलकीपरने काठी भिंतीला लावली आणि त्याच्या बरोबर चालू लागला.