सातवा मकाम

त्या कोठडीत एकूण नऊ वस्तू होत्या. धनराज साळवेनं त्या पहिल्याच दिवशी मोजून आपल्या नोंदवहीत लिहिल्या: चटई, बकऱ्याचं कातडं, घोंगडी, तांब्या, वाडगा, शंभर मण्यांची जपमाळ, तेलाचा दिवा, पुस्तक ठेवायची लाकडी घोडी आणि तिच्यावर दोनशे पानी वही. लांबी आठ फूट, रुंदी सहा, उंची साडेसहा. खिडकी नाही. दाराच्या वर वीतभर जाळी. तापमान एकोणीस अंश. तारीख ८ जानेवारी २००१.

दहावे होते मीरसाहेब. वय सत्तर, वजन एक्कावन्न किलो, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. जुन्या नाशकात, कथड्याच्या एका बोळात त्यांचं घर होतं आणि घरामागच्या अंगणात ही कोठडी. तिला ते हुजरा म्हणत. चाळीस दिवस ते तिच्यात बसणार होते. दिवसा रोजा, सूर्य मावळला की बाजरीची अर्धी भाकरी नि पाणी, बाहेर यायचं ते फक्त नमाजाला. यालाच चिल्ला म्हणतात, हेही धनराजला त्याच दिवशी कळलं.

धनराज नाशकातच, द्वारका चौकातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळपाळीला होता. बी.एस्सी., फिजिक्स. नोकरी लागली म्हणायची तेवढी. मीरसाहेबांची मुलगी नफीसाआपा शाळेत शिकवायची. वडिलांचं रक्त तपासायला लॅबमध्ये आली तेव्हा तिनं सगळं सांगितलं. हृदय अशक्त आहे, डॉक्टरांनी बसायला साफ मनाई केली आहे, आणि अब्बा ऐकणारे नाहीत. मग बापलेकीत तह झाला होता. रोज चार वाजता कुणीतरी नाडी मोजायची. पंचेचाळीसच्या खाली गेली की चिल्ला तिथेच मोडायचा, रिक्षा बोलवायची, वाद नाही. मीरसाहेबांनी तशी जबान दिली होती. त्यांची अट एकच होती: जो नाडी मोजेल त्यानं अर्धा तास वाचूनही दाखवायचं.

वाचायचं ते घोडीवरच्या त्या दोनशे पानी वहीतलं. घरात एक जुनी फारसी पोथी होती, या वाटेला लागणाऱ्यांसाठी कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी लिहिलेली. डोळे होते तोवर मीरसाहेबांनी तिचा अर्थ सांगितला आणि नफीसाआपानं तो साध्या हिंदुस्तानीत, देवनागरीत उतरवला. त्यामुळे एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेल्या धनराजला तो वाचता येत होता.

त्याच्या आईनं, चांगुणाबाईनं, हे ऐकलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तुझ्या बापानं पंचवीस वर्षं बॉयलर सांभाळला, तू आता म्हाताऱ्याचं मनगट सांभाळ, असं म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, काय रे, किती भरली आज त्यांची?

धनराजची पद्धत ठरलेली होती. आधी स्वतःची नाडी, पूर्ण एक मिनिट. मग मीरसाहेबांची, पूर्ण एक मिनिट. बोटांनी जास्त दाबलं तर आपलेच ठोके दुसऱ्याच्या मनगटात जाणवतात. दोन्ही आकडे वेगळे असले तरच दुसरा खरा.

वाचता वाचता त्याला पुस्तकाची रचना आवडू लागली. ते मोजून मापून लिहिलं होतं. वाटेवर दोन प्रकारच्या गोष्टी असतात, असं त्यात होतं. एक मकाम, म्हणजे मुक्काम. तो मेहनतीनं कमवायचा असतो आणि एकदा कमावला की राहतो. दुसरा हाल. तो वरून उतरतो, देणगीसारखा, आणि निघून जातो. त्याला बोलावता येत नाही, धरून ठेवता येत नाही. जो म्हणतो माझा हाल टिकला, तो स्वतःच्याच मनाशी बोलतो आहे, असं पुस्तक बजावत होतं. मकाम सात, हाल दहा. आणि मकामांचा एक कडक नियम: आधीच्याचं देणं पुरं केल्याशिवाय पुढच्यावर पाय ठेवता येत नाही.

पहिला तौबा, म्हणजे मागे वळणं. साधा माणूस पापापासून वळतो, जाणता माणूस गाफीलपणापासून. दुसरा वरअ, म्हणजे ज्याच्या चोखपणाची शंका आहे ते सोडणं. हे प्रकरण चालू असताना नफीसाआपानं शाळेतून आलेले पेढे पाठवले. कुणी दिले, कशाचे, हे तिला सांगता येईना. मीरसाहेबांनी वाडगा तसाच परत केला आणि धनराजला म्हणाले, "तू खा. तुझ्यावर कुठे वरअ आहे? तुझ्यावर तर नुसती भूक आहे."

तिसरा जुह्द, जगावरून मन काढणं, आणि शेवटी मन काढल्याचा अभिमानही काढून टाकणं. चौथा फक्र, काहीच आपलं नसणं. पाचवा सब्र, म्हणजे धीर. सहावा तवक्कुल, म्हणजे अंघोळ घालणाऱ्याच्या हाती प्रेत असतं तसं स्वतःला सोपवणं. बाविसाव्या दिवशी तो संपला. सातव्याचं पान धनराजनं उलटलं, तशी मीरसाहेबांनी मान हलवली.

"हा सोड. दहा हालांवर ये."

का, हे त्यांनी चार दिवसांनी सांगितलं. सातवा मकाम रिझा, म्हणजे जे मिळालं त्यावर राजी असणं, जे नाही मिळालं त्यावरही. बाविसाव्या वर्षी, विहिरीवर पाणी शेंदताना, मीरसाहेबांवर एक हाल उतरला होता. कुर्ब, जवळीक. एक बादली वर येईपर्यंत टिकला. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं त्यांना तो परत हवा होता. हा त्यांचा बारावा चिल्ला. हवं असणं आणि राजी असणं एका घरात राहत नाहीत, ते म्हणाले. म्हणून एकदा अर्थ सांगून झाल्यावर ते पान त्यांनी पुन्हा कधी वाचून घेतलं नव्हतं.

चौतिसाव्या दिवशी कुर्बचं प्रकरण आलं. सात पानं. मीरसाहेब ताठ बसले होते, जपमाळ मांडीवर. धनराजनं आधी वाचलं आणि नंतर नाडी धरली. क्रम चुकला हे त्याच्या लक्षात आलं. मीरसाहेबांची सहासष्ट. मग त्यानं स्वतःचं मनगट धरलं.

काही लागेना.

बोटं गार पडली असतील म्हणून त्यानं ती काखेत ऊब दिली आणि पुन्हा धरली. मग गळ्याला लावून पाहिली. घड्याळाचा काटा पूर्ण फिरला.

बोळातला हातगाडीवाल्याचा आवाज थांबलेला होता. दिव्याची ज्योत हलत नव्हती. समोरच्या भिंतीवरच्या चुन्याचा कण न् कण दिसत होता आणि प्रत्येक कण जणू त्याच्याकडे तोंड करून होता. भीती वाटायला हवी होती. तसं काही झालं नाही. कुणीतरी त्याला पूर्ण पाहिलं होतं, आतून-बाहेरून, आणि पाहून पसंत केलं होतं, एवढंच त्याला समजत होतं. आभार मानावेसे वाटत होते, पण कुणाचे ते कळेना.

मग लाइट येते तसा गळ्यातला ठोका परत आला. हातगाडीवाला पुढे गेला.

त्यानं त्या दिवशी कुणालाच काही सांगितलं नाही. पण जे एकदा झालं ते त्याच परिस्थितीत पुन्हा व्हायला पाहिजे, हे तो तीन वर्षं प्रयोगशाळेत शिकला होता. पस्तिसाव्या दिवशी त्यानं तीच सात पानं वाचली. दिवा त्याच जागी, बसणं त्याच अंतरावर. स्वतःची नाडी अठ्ठ्याहत्तर. छत्तिसाव्या दिवशी पुन्हा. ऐंशी.

सदतिसाव्या दिवशी पहिली ओळ वाचताच मीरसाहेबांनी त्याला थांबवलं.

"चौथ्यांदा, बेटा. पुस्तकात दहा हाल आहेत. तू एकाच दारात का उभा आहेस?"

धनराजला खोटं बोलता आलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. हातगाडी, चुना, पूर्ण फिरलेला काटा.

मीरसाहेब म्हणाले, "अठ्ठेचाळीस वर्षं मी अंगण झाडतोय. आणि पाहुणा तुझ्याकडे उतरला."

त्यांचं मनगट धनराजच्या बोटांत होतं. एकोणसाठ.

मग पन्नास.

मग एक्केचाळीस.

धनराजनं दुसऱ्या हातानं कडी काढली आणि दार ढकललं. "आपा, एक्केचाळीस."

नफीसाआपा नुकतीच शाळेतून आली होती. खांद्याला पर्स तशीच. ती चौकटीत येऊन उभी राहिली.

"अब्बा, जबान दिलीय तुम्ही."

"दिलीय," मीरसाहेब म्हणाले. "तू म्हणशील तर उठतो. नाही तर ह्याला सातवा वाचू दे."

तिनं बापाच्या ओठांचा निळसर रंग पाहिला. बोळाच्या तोंडाशी रिक्षा उभी असते, हे तिघांनाही माहीत होतं.

"वाच," ती धनराजला म्हणाली.

तो वाचू लागला. रिझा मकाम आहे की हाल, यावर जुन्या लोकांत वाद होता, असं पुस्तकात होतं. खुरासानचे म्हणत, तो कमवावा लागतो. इराकचे म्हणत, तो उतरतो. आणि मग लिहिणाऱ्यानं दोघांना जोडलं होतं: त्याची सुरुवात माणसाच्या हाती, शेवट त्याच्या हाती नाही.

एकोणचाळीस.

सदतीस. नफीसाआपानं चौकट घट्ट धरली.

सदतीस.

त्रेचाळीस.

मीरसाहेबांचे ओठ हलत होते. पान संपलं तेव्हा धनराजच्या बोटांखाली बासष्ट होते, आणि स्वतःचे एकशे चार.

"शोधून पाहिलं," मीरसाहेब म्हणाले, "आत सगळीकडे शोधलं. नाराजी सापडत नाही. पाहुणा माझ्या घरात आला होता, धनराज. कुणाच्याही ताटात वाढलं असेल, जेवण माझ्या घरी झालं." ते हसले. "शुक्र, खुदाचे आभार."

चाळिसाव्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी बाहेर आले आणि त्यांनी दोनदा खिचडी मागून घेतली.

पुढे त्यांनी चिल्ला केला नाही. गरजच नाही, म्हणायचे. धनराजला एकलहऱ्याला, पाण्याच्या तपासणीच्या लॅबमध्ये कायमची नोकरी लागली. तरी तो महिन्यातून एकदा कथड्याला जायचा. ते सात पानांचं प्रकरण त्यानं पुन्हा वाचलं नाही. ते एक मिनिट आठवलं की तो ते परत मागायचा नाही, नुसते आभार मानायचा. हे तो कुणाकडून शिकला, ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

१९ ऑगस्ट २००४ ला पहाटे मीरसाहेब झोपेतच गेले. डॉक्टर सहाला आले. कार्डिओग्रामची रेघ सरळ होती. त्यांनी दाखला लिहून दिला.

धनराज पोचला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अंगणात पाटावर पाणी तयार होतं आणि अंघोळ घालणारे ओळखीचे दोघे भिंतीशी थांबले होते. नफीसाआपानं त्यांना पाच मिनिटं मागून घेतली. तिच्या हातात धनराजची चिल्ल्याच्या दिवसांतली नाडीची नोंदवही होती.

"शेवटचं एकदा मोज," ती म्हणाली. "वही पुरी होऊ दे."

त्यानं चादर बाजूला केली. मीरसाहेबांची बोटं ताठरली होती, ती सरळ होईनात. त्यांच्या मनगटाला लॅबमधला थर्मामीटर लावून त्यानं पाच मिनिटं थांबून पाहिलं. मग ठरल्याप्रमाणे आधी स्वतःची, मग त्यांची, प्रत्येकी पूर्ण एक मिनिट. पेन घेतलं आणि तारखेखाली लिहिलं.

मनगटाचं तापमान: सव्वीस अंश. नाडी, स्वतःची: ब्याण्णव. नाडी, मीरसाहेबांची: चौसष्ट.