फळीवर लावायचा निरोप

रोज संध्याकाळी पावणेसहाला मी जेवणाच्या टेबलाशी बसून नवऱ्याला निरोप लिहायची. त्या दिवशीही बसले. शेजारी सासूबाई शब्दकोडं सोडवत होत्या आणि माझ्याकडे बघत नाही असं दाखवत होत्या.

नवरा समुद्राच्या तळाशी केबल टाकणाऱ्या जहाजावर होता. तुटलेली टोकं जोडणं हे त्याचं काम. लग्नाला पाच महिने झाले होते, त्यातले तीन तो पाण्यावर. तिथे फोन लागत नसे. प्रत्येकाला वेगळा पत्ताही नव्हता. अख्ख्या जहाजाचा मिळून एकच. विषयाच्या जागी 'केबल जोडारी' असं लिहायचं, फोटो जोडायचा नाही, मजकूर आटोपशीर ठेवायचा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, असे दिवसातून दोनदा गठ्ठ्याने निरोप जायचे, यायचे. मग जहाजावरचा रेडिओवाला ते कागदावर छापून जेवणघरातल्या फळीवर टाचून ठेवायचा. म्हणजे बायकोचा निरोप नवऱ्याआधी पन्नास जणांच्या नजरेखालून जाणार. सुरुवातीला मी एकदा 'माझ्या राजा' असं लिहून बसले. आठवडाभर त्याला जेवणघरात शिरताना सगळे उठून मुजरा करत होते.

तेव्हा सासूबाईंनी मला शिकवलं. त्या तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या.

"लोकांना तीन मिनिटं मिळायची," त्या म्हणाल्या. "अडीच रडण्यात घालवायचे, आणि उरलेल्या अर्ध्यात 'बाकी काय' विचारायचे. तू तसं करू नकोस. घरातली एक खरी गोष्ट सांग. एक प्रश्न विचार, म्हणजे त्याला उत्तर द्यायला धागा मिळेल. आणि त्याला तिथून करता येणार नाही असं काही मागू नकोस. 'लवकर ये' लिहून काय होणार? तो काय पोहत येणार आहे?"

म्हणून मी आधी वहीत पेन्सिलीने मनात येईल ते सगळं लिहायची, मग खोडायची, आणि उरेल तेवढंच फोनवर टाइप करून पाठवायची. त्या दिवशी उरलं ते असं होतं :

'आज खिडकीची कडी मीच बसवली. पेचकस तू सांगितलेल्या जागीच सापडला, म्हणून तुझी आठवण आली. नाहीतर शिव्या आठवल्या असत्या. आई बऱ्या आहेत, कोड्यात मला रोज हरवतात. तुझ्या खुर्चीवर मी वर्तमानपत्रं रचते, रिकामी दिसायला नको. तुला झोप पुरते का? उत्तराची घाई नाही. आम्ही आहोत इथे.'

घाई नाही, हे धडधडीत खोटं होतं. अकरा दिवस त्याच्याकडून अक्षरही नव्हतं. कंपनीत फोन केला की एक बाई प्रेमळपणे म्हणायची, "त्या भागात हवा खराब आहे. काही कळलं की कळवतो." काही कळलं की... काय कळलं की, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. सासूबाई दुपारी झोपेनाशा झाल्या होत्या. कोड्यातले चौकोन त्या नुसतेच गिरवत बसायच्या.

बाराव्या संध्याकाळी सहाला उत्तर आलं. जहाजाच्याच पत्त्यावरून.

'आवाज आठवत नाही म्हणून घाबरू नकोस. कधीकधी होतं तसं.'

मी ओरडून सासूबाईंना दाखवलं. त्यांनी डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "हा झोपेचं काहीच बोलला नाही. कुठला आवाज गं?"

आदल्या दिवशी वहीत मी एक वाक्य लिहिलं होतं : 'तुझा चेहरा डोळ्यासमोर येतो, पण आवाज काही केल्या आठवत नाही.' फळीवर पन्नास जण वाचतील म्हणून ते खोडलं होतं. ते फोनवर टाइपसुद्धा केलं नव्हतं. वही काढून पाहिलं. खोडलेलंच होतं.

शहाण्या बाईने इथेच थांबायला हवं होतं. पण अकरा दिवस उपाशी असलेला माणूस ताट कुणी वाढलं ते विचारत नाही. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा नेटका निरोप पाठवला, आणि वहीत लिहिलं, 'खरंच तूच आहेस ना?'

उत्तर आलं : 'तू बोलावशील तो मी.'

नव्या नवऱ्याचं बोलणं आपल्याला कितीसं ठाऊक असतं? दोन महिन्यांच्या संसारात तो असं बोलतच नव्हता, हे मी कशावरून सांगू? अशी मी स्वतःची समजूत काढली. चौदाव्या दिवशी निरोप पाठवलाच नाही. फक्त वहीत लिहिलं. सासूबाईंनी शिकवलेलं सगळं विसरून, पेन्सिल मोडेपर्यंत दाबून : 'मला राहवत नाही. ये. कसाही ये.'

सहाला एकच शब्द आला. 'निघालो.'

पंधराव्या दिवशी साडेपाचला, उन्हं भिंतीवर असतानाच, फोन वाजला. लांबलचक, अनोळखी नंबर. मी आतल्या खोलीत जाऊन घेतला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "घाबरली होतीस ना?"

तोच होता. आवाज ऐकताक्षणी आठवला. मी पलंगाच्या कडेला बसले.

"कुठे आहेस?"

उत्तराला दीडेक सेकंद लागला. शब्द वर उपग्रहापर्यंत जाऊन खाली यायचे, त्यात जाणारा हा वेळ.

"जहाजावरच. वादळात अँटेनाची तबकडी मोडली. पंधरा दिवस ना काही आलं, ना काही गेलं. आज जोडली. कप्तानाने प्रत्येकाला दोन मिनिटं दिली आहेत. तुझे निरोप आत्ता छापतायत, अजून वाचले नाहीत."

"मग तुझी उत्तरं?"

"कुठली उत्तरं?"

त्याच वेळी बाहेर दाराची कडी निघाल्याचा आवाज झाला. पाठोपाठ सासूबाईंचा, हसून हसून कापरा झालेला आवाज.

"अरे... कळवायचं तरी..."

ओल्या दोरखंडाचा वास खोलीत आला. मी उठून दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले.

"ऐक," मी फोनमध्ये कुजबुजले. "घरात कुणीतरी आलंय."

"कोण आलंय?" बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज म्हणाला.

एक... दीड सेकंद.

"कोण आलंय?" फोन म्हणाला.

"तू... तू कुठे आहेस?"

"अगं, जहाजावर," बाहेरून. मग कानात, तोच श्वास, तोच हेल : "अगं, जहाजावर."

सासूबाई बाहेर खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलत होत्या. कागदांची सळसळ ऐकू येत होती. त्या कुणाला तरी बस म्हणत होत्या, किती वाळलास म्हणत होत्या. मी फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

"फोन ठेव आता," बाहेरचा आवाज दाराच्या अगदी जवळून म्हणाला. "मी आलोय ना."

मी वाट पाहू लागले. एक सेकंद. दीड. दोन. पलीकडे लाइन चालू होती, इंजिनाची घरघर ऐकू येत होती, माणसाचा श्वास ऐकू येत होता.

पण ते वाक्य फोनमधून आलं नाही.